अबोली की विटकरी?

कुठल्याही लिपस्टिकच्या मालिकेचं पान उघडा. वीस-चोवीस रंगीत चौकोन एका ओळीत मांडलेले असतात आणि त्यातल्या सहा-सातांत नेमका फरक काय, ते डोळे बारीक करूनही कळत नाही. म्हणून आपण खालचा मजकूर वाचतो. एका शेडखाली असतं, ‘दररोजच्या वापरासाठी सुंदर गुलाबी’. दुसरीखाली, ‘प्रत्येक प्रसंगाला शोभणारा मोहक गुलाबी’. तिसरीखाली, ‘तुमचं सौंदर्य खुलवणारा नाजूक गुलाबी’. नावांचाही उपयोग होत नाही, कारण ती परदेशी शहरांवरून, फुलांवरून किंवा कुणाच्या तरी मिजाशीवरून ठेवलेली असतात. नावानं रंग सांगितलाच पाहिजे असं काही नाही. वर्णनानं मात्र सांगायला हवा. उघडलेली लिपस्टिक सहसा कुणी परत घेत नाही आणि स्वच्छतेच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. त्यामुळे घरपोच मागवणाऱ्या बाईच्या हाती निवडीसाठी एक चौकोन आणि दोन ओळी एवढंच असतं.

त्या दोन ओळी लिहिण्याचं काम मी काही वर्षं करते आहे. बाहेरून हे काम विशेषणांचं वाटतं. प्रत्यक्षात ते बघण्याचं आहे, आणि तेही एकेक शेड सुटी बघण्याचं नव्हे, तर शेजारणीला लावून बघण्याचं. ‘ही शेड कशी आहे’ या प्रश्नाला उत्तर देता येतं, पण ते सहसा निरुपयोगी निघतं. ‘ही शेड तिच्या शेजारच्या शेडपेक्षा कुठे वेगळी आहे’ या प्रश्नाचं उत्तर गिऱ्हाइकाला हवं असतं.

आधी मालिका म्हणजे काय ते बघू. एका मालिकेतल्या चोवीस लिपस्टिक ही चोवीस निरनिराळी उत्पादनं नसतात. कार्नोबा, कँडेलिला यांसारखी मेणं, एरंडेल किंवा तशीच दुसरी तेलं, असा कांडीचा गाभा सगळ्यांत जवळपास एकच असतो. बदलतात ती त्यात घोटलेली रंगद्रव्यं आणि त्यांचं प्रमाण. म्हणजे ‘ओठ कोरडे पडत नाहीत’, ‘मॅट आहे’, ‘पुसली जात नाही’ ही वाक्यं मालिकेची आहेत, शेडची नाहीत. ती पानाच्या डोक्यावर एकदा लिहावीत आणि विसरून जावीत. वर्णनं एकसारखी होतात त्याचं निम्मं कारण हेच, की शेडच्या वाट्याच्या दोन ओळींपैकी दीड ओळ या सामायिक गुणांत खर्ची पडते. त्याला अपवाद एवढाच, की मालिकेतल्या एखाद्याच शेडमध्ये अभ्रक घालून चमक आणलेली असेल किंवा एखादीच पारदर्शक असेल, तर ते त्या शेडखालीच सांगायला हवं.

खोक्यावरची घटकांची यादी वाचून शेड ओळखता येईल असं कुणाला वाटेल, तर तेही शक्य नाही. यादीच्या शेवटी ‘मे कंटेन’ हे शब्द किंवा अधिक-उणे चिन्ह असतं आणि पुढे सीआय ७७४९१, सीआय ७७८९१, सीआय १५८५० असे क्रमांक येतात. पहिला लाल लोह ऑक्साइडचा, दुसरा पांढऱ्या टायटॅनियम डायॉक्साइडचा, तिसरा लिपस्टिकमध्ये फार वापरल्या जाणाऱ्या एका कृत्रिम लाल रंगाचा. पण ‘मे कंटेन’चा अर्थ ‘या मालिकेत कुठे ना कुठे असू शकेल’ असा आहे. फिकट बिस्किटी कांडीवर आणि गर्द लाल कांडीवर तीच यादी छापलेली असते. यात एक क्रमांक मात्र मी लक्ष ठेवून बघते: सीआय ७५४७०, म्हणजे कार्माइन. हा लाल रंग कोचिनिअल नावाच्या किड्यांपासून काढतात. शाकाहार कटाक्षानं पाळणाऱ्या घरांत हा प्रश्न विचारला जातोच. तेव्हा तो रंग नेमका कोणत्या शेडमध्ये आहे हे कंपनीकडून काढून घेऊन त्या शेडखाली लिहिणं, हाही खऱ्या वर्णनाचाच भाग आहे.

आता रंगाकडे वळू. आल्बर्ट मन्सेल या अमेरिकी चित्रकला-शिक्षकानं १९०५ मध्ये रंग लिहून ठेवण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यानं रंगाचे तीन गुण वेगळे काढले: तो कोणत्या कुळातला आहे, तो किती उजळ किंवा गडद आहे आणि तो किती शुद्ध किंवा मळकट आहे. शेड लिहिणाऱ्याला याहून जास्त सिद्धान्ताची गरज नाही, पण हे तीन गुण एकमेकांत मिसळू न देण्याची गरज फार आहे. आपल्याकडे दुकानात ‘जरा डार्क दाखवा’ असं म्हटलं जातं, तेव्हा कुणाला गडद मरून हवा असतो, तर कुणाला भडक राणी. राणी रंग गडद नसतो, तो तेज असतो. मरून गडद असतो, पण त्यात तेज कमी असतं. दोन्हींना ‘डार्क’ म्हणणारं वर्णन निम्म्या गिऱ्हाइकांना चुकीची कांडी पाठवतं.

एक उदाहरण सविस्तर बघू, म्हणजे काम कसं चालतं ते दिसेल. नावं कल्पित धरा, पण अशा पाच शेड जवळपास प्रत्येक मालिकेत सापडतात: बेअर, टोस्टेड रोझ, सिनॅमन, मॉव्ह आणि मोका. पाचही तपकिरी-गुलाबी कुळातल्या. कच्च्या मजकुरात पाचही जणींखाली ‘रिच ब्राउन न्यूड’ याच अर्थाचं काहीतरी लिहून आलेलं असतं.

पहिलं काम उजेडाचं. ट्यूबलाइटखाली किंवा पिवळसर बल्बखाली हे करायला बसू नये. पिवळ्या उजेडात निळा अंश कमी असतो, त्यामुळे मॉव्हमधला जांभळट भाग मरतो आणि ती शेड टोस्टेड रोझची जुळी वाटायला लागते. दिवसा, ऊन थेट येत नसलेल्या खिडकीजवळ बसायचं. भिंत किंवा अंगातले कपडे गर्द रंगाचे असतील तर त्यांचीही छटा पडते, म्हणून पांढरं किंवा राखाडी काहीतरी आसपास असावं.

दुसरं काम पट्टे ओढण्याचं. कागदावर ओढलेला पट्टा फसवतो, कारण कागद तेल शोषून घेतो आणि रंग कोरडा, फिका दिसतो. हाताच्या आतल्या बाजूला पाचही पट्टे शेजारी-शेजारी ओढले, की त्यांचा फोनवर एक फोटो काढून तो कृष्णधवल करते. रंग गेला की फक्त उजळ-गडदपणा उरतो. आमच्या पाच जणींच्या फोटोत बेअर स्पष्ट फिकट दिसते, मोका स्पष्ट गडद, आणि मधल्या तिघी जवळजवळ एकाच राखाडी रंगाच्या. म्हणजे ‘गडद’ किंवा ‘फिकट’ हा शब्द या पाचांत दोघींनाच लावता येतो. मधल्या तिघींसाठी तो निरर्थक आहे. तिथे वेगळेपण कुळात शोधायचं: सिनॅमन नारिंगीकडे झुकते, मॉव्ह जांभळ्याकडे, टोस्टेड रोझ दोघींच्या मध्ये गुलाबीवर थांबते. तिसरा प्रश्न शुद्धतेचा. सिनॅमन या तिघींत तेजदार आहे, बाकीच्या दोघी धुरकट.

इथे डोळा एक खोडी करतो. फ्रान्समधल्या गोबलँ या प्रसिद्ध विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख असलेला रसायनतज्ज्ञ मिशेल-यूजेन शेव्रल याच्याकडे तक्रारी यायच्या, की काही रंग निस्तेज दिसतात. त्यानं तपासलं तेव्हा दोष रंगाईत नव्हता, शेजारच्या धाग्यात होता. १८३९ मध्ये त्यानं यावर ग्रंथच लिहिला. दोन रंग शेजारी ठेवले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्यापासून दूर ढकलतो. नारिंगी सिनॅमनला चिकटून ओढलेली मॉव्ह आहे त्यापेक्षा अधिक जांभळी दिसते. पट्ट्यांवर विसंबून ‘जांभळी’ लिहिलं तर घरी एकटी मॉव्ह उघडणाऱ्या बाईला तपकिरी कांडी मिळाल्यासारखं वाटेल. म्हणून शेजारी ठेवून फरक शोधायचा आणि मग प्रत्येक शेड एकटी बघून तो फरक किती मोठ्यानं सांगायचा ते ठरवायचं.

तिसरं काम ओठांचं, आणि हे सहसा टाळलं जातं. ओठ म्हणजे पांढरा कागद नव्हे. कुणाचे गुलाबी असतात, कुणाचे तपकिरी, कुणाचे कडेला काळसर आणि मध्ये फिके. निदान अशा तिघींच्या ओठांवर शेड बघितल्याशिवाय मी लिहीत नाही. लावताना फिकटपासून गडदकडे जायचं, कारण लाल रंगाचा डाग पुसल्यावरही ओठांवर राहतो आणि नंतर लावलेल्या फिकट शेडमध्ये मिसळतो. बेअर गुलाबी ओठांवर छान बिस्किटी बसते. कडेला काळसर असलेल्या ओठांवर तिचा एक हात दिला की खालची रेघ दिसत राहते, दोन हात दिले की ओठ चेहऱ्यापेक्षाही फिके होतात. मॉव्ह तपकिरी ओठांवर बरीचशी तपकिरी होते, जांभळट झाक फक्त मध्यभागी राहते.

एवढं झाल्यावर वर्णनं लिहायला वेळ लागत नाही. ती साधारण अशी होतात:

बेअर: पाचांत सर्वांत फिकट. बिस्किटी, किंचित नारिंगीकडे. गोऱ्या चेहऱ्यावर ओठांचाच रंग वाटतो. सावळ्या चेहऱ्यावर ओठ फिके दिसतात.

टोस्टेड रोझ: मध्यम, धुरकट तपकिरी-गुलाबी. सिनॅमनपेक्षा गुलाबी, मॉव्हइतकी जांभळट नाही.

सिनॅमन: मध्यम, विटकरी. या पाचांत सर्वांत तेजदार. नारिंगी अंश लगेच दिसतो.

मॉव्ह: मध्यम, धुरकट जांभळट-तपकिरी. फिक्या ओठांवर जांभळी झाक उठते, तपकिरी ओठांवर ती दबते.

मोका: पाचांत सर्वांत गडद. कॉफीचा तपकिरी, लालसर झाकेचा. कांडीत दिसते त्यापेक्षा ओठांवर थोडी लाल.

यात एकही शब्द कौतुकाचा नाही हे पाहून विक्री विभागाचा चेहरा पडतो. त्यांना मी सांगते, की कौतुक वर मालिकेच्या परिच्छेदात पोटभर करा. खाली बाईला दोन शेडमधली एक निवडायची आहे.

मोकाच्या शेवटच्या वाक्याकडे परत येते, कारण ‘कांडीत एक, ओठांवर दुसरी’ ही तक्रार लिपस्टिकबद्दल सर्वांत जास्त ऐकू येते. रंगद्रव्याचा जाड थर आणि पातळ थर वेगळे दिसतात. कांडी हा जाड थर आहे. उजेड आत शिरून बराचसा तिथेच शोषला जातो, म्हणून ती गडद दिसते. ओठांवरच्या पातळ थरातून उजेड आरपार जाऊन ओठावर आपटून परत येतो. पारदर्शक मालिकेतली जवळजवळ काळी वाटणारी कांडी ओठांवर करवंदाच्या रसासारखी लालसर उतरते, ती यामुळेच. प्रयोगशाळेत यासाठी अर्धा काळा, अर्धा पांढरा असा एक पुठ्ठा असतो. त्यावर ठरावीक जाडीचा थर ओढतात. काळ्या आणि पांढऱ्या भागावर रंग सारखा दिसला तर ती शेड खालचं सगळं झाकणारी, फरक दिसला तर तितक्या प्रमाणात पारदर्शक. चौकोनात भरलेला रंग पुष्कळदा कांडीच्या फोटोतून उचललेला असतो, म्हणून शब्दांनी ओठांवरचा रंग सांगायचा.

याचं टोक म्हणजे रंग बदलणाऱ्या लिपस्टिक. कांडी हिरवी, निळी किंवा अगदी पारदर्शक असते आणि ओठांवर गुलाबी होते. त्यात जादू नाही. इओसिन कुळातले काही रंग तेल-मेणाच्या कोरड्या गाभ्यात जवळजवळ रंगहीन राहतात आणि ओठांवरचा ओलावा मिळाला की गुलाबी रंग धरतात. ‘प्रत्येकीला स्वतःचा खास गुलाबी’ असं त्यांच्यावर लिहितात. गुलाबीची तीव्रता माणसागणिक थोडी बदलते हे खरं; पण ती बदलते गुलाबीच्या आतच. कुणाच्या ओठांवर ती विटकरी झालेली मी तरी पाहिलेली नाही. शिवाय हा रंग ओठांच्या कातडीत मुरतो आणि जेवणानंतरही राहतो, हे सांगणं ‘खास’ या शब्दापेक्षा कामाचं.

आता उपमांबद्दल. रंगाला वस्तूचं नाव देताना ती वस्तू वाचणाऱ्यानं पाहिलेली हवी आणि तिचा रंग सगळ्यांच्या डोक्यात एकच हवा. ‘पीच’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण ते फळ पिकलेलं बघून रंग ठरवणारे आपल्यात किती? अबोली मात्र प्रत्येकीनं केसांत माळलेली किंवा निदान फुलवाल्याकडे पाहिलेली असते, आणि अबोलीचा रंग म्हणजे गुलाबीत नारिंगी मिसळल्यावर येतो तो. विटकरी, डाळिंबी, गुलबक्षी, शेंदरी, वांगी हे शब्दही असेच पक्के आहेत. साड्यांच्या दुकानांनी ते घासूनपुसून ठेवले आहेत. याउलट ‘कोकमी’ जपून वापरावा. ओलं कोकम लाल, वाळलेलं आमसूल काळपट जांभळं, आणि वाचणारी कोकणातली आहे की नागपूरची यावर तिच्या डोळ्यांसमोर काय येईल ते ठरतं. ‘वाइन’, ‘बेरी’ यांचंही तसंच. असे शब्द वापरायचे झाले तर पुढे ‘लाल’ किंवा ‘जांभळट’ हा साधा शब्द जोडावा.

आणि ‘न्यूड’? हा रंगच नव्हे. तो ओठ आणि चेहरा यांच्यातला संबंध आहे, म्हणून कुणाच्या चेहऱ्यावर हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. गोरीची न्यूड बेअर, गव्हाळ मुलीची टोस्टेड रोझ आणि गडद सावळ्या बाईची न्यूड बहुतेक वेळा मोका असते.

फाउंडेशनकडे आलं की खेळ बदलतो. लिपस्टिक दिसावी म्हणून लावतात. फाउंडेशन दिसू नये म्हणून. तिथे उपमा उपयोगाच्या नाहीत, तिथे क्रम लागतो. फाउंडेशनचा रंग मुख्यतः चार रंगद्रव्यांतून येतो: पांढरं टायटॅनियम डायॉक्साइड आणि पिवळं, लाल, काळं अशी तीन लोह ऑक्साइडं. अगदी गोऱ्यापासून अगदी गडद त्वचेपर्यंतची प्रत्येक बाटली म्हणजे या चौघांचं वेगवेगळं प्रमाण. त्यामुळे शेडचं वर्णन म्हणजे नकाशावरची जागा सांगणं: उजळ-गडद पायरी कोणती आणि झाक कोणती, पिवळसर, गुलाबीसर, दोन्हींच्या मधली, की हिरवट ऑलिव्ह.

प्रयोगशाळेत ही जागा आकड्यांत मोजतात. १९७६ पासून रूढ असलेल्या पद्धतीत यंत्र तीन आकडे देतं. पहिला उजळपणाचा, ० म्हणजे काळा आणि १०० म्हणजे पांढरा. दुसरा लालीचा. तिसरा पिवळेपणाचा. समजा एका गव्हाळ शेडचे आकडे ६०, १० आणि २० आहेत. तिला क म्हणू. ख शेडचे ६०, १३, १६. ग शेडचे ५७, १०, २०. दोन शेडमधलं अंतर काढायचं तर प्रत्येक आकड्यातल्या फरकाचा वर्ग करून बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. क आणि ग यांच्यात फक्त उजळपणाचा ३ चा फरक, म्हणून अंतर ३. क आणि ख यांच्यात लालीचा ३ आणि पिवळेपणाचा ४. वर्गांची बेरीज २५, अंतर ५. ढोबळमानानं १ च्या आसपासचा फरक तरबेज डोळ्यालाच दिसतो आणि २-३ चा फरक शेजारी धरल्यावर बहुतेकांना.

आता या तिघींची नेहमीची वर्णनं बघा. ग ला ‘एक शेड गडद’ म्हणतात, आणि क व ख दोघींना ‘मीडियम’. म्हणजे ज्या दोघींत अंतर जास्त त्यांना एकच शब्द, आणि जिथे अंतर कमी तिथे वेगळा. ख घेतलेल्या पिवळसर गव्हाळ बाईच्या चेहऱ्यावर गुलाबी मुखवटा चढवल्यासारखं दिसतं आणि मान वेगळी दिसते. तिला वाटतं आपण फार उजळ शेड घेतली, म्हणून ती पुढच्या वेळी गडद गुलाबी घेते. ‘मध्यम, पिवळसर झाक. याच पायरीवर गुलाबीसर हवी असेल तर ख. हीच झाक थोडी गडद हवी असेल तर ग’, एवढं लिहिलं असतं तर दुसरी बाटली घ्यावी लागली नसती.

झाक सांगणारी अक्षरंही कंपनीगणिक फिरतात. मॅक या कंपनीच्या एनसी मालिकेतला सी म्हणजे कूल, पण ती मालिका सोनेरी-पिवळसर त्वचेसाठी आहे. एनडब्ल्यूमधला डब्ल्यू म्हणजे वॉर्म आणि ती गुलाबीसर त्वचेसाठी. इतर बहुतेक कंपन्यांत सोनेरी त्वचेला वॉर्म म्हणतात. एनसी ४२ वापरणारी बाई दुसऱ्या कंपनीत जाऊन इमानदारीनं ‘कूल’ मागते आणि गुलाबी बाटली घेऊन येते. म्हणून मी कूल-वॉर्म शक्यतो लिहीतच नाही. ‘पिवळसर’ आणि ‘गुलाबीसर’ हे शब्द कुणाला उलटे कळत नाहीत.

गडद टोकाला आणखी एक अडचण असते. पांढरं टायटॅनियम डायॉक्साइड, विशेषतः सनस्क्रीन म्हणून जास्त घातलेलं, गडद त्वचेवर राखेसारखं उठतं. ते टाळण्यासाठी पांढरं कमी करून काळं वाढवलं तर रंग खोल होण्याऐवजी मेल्यासारखा राखाडी होतो. लॉरिआलच्या प्रयोगशाळेत बालांडा अॅटिस या रसायनतज्ज्ञ बाईंनी अल्ट्रामरीन हे निळं द्रव्य वापरून अशा गडद पण जिवंत शेड तयार केल्या. बाटली चांगली की राखाडी हे ओळखायला पट्ट्याची कडा बघावी. जबड्यापाशी ओढलेल्या पट्ट्याची कडा जांभळट-राखाडी दिसत असेल तर ते लिहिलंच पाहिजे. २०१७ च्या सप्टेंबरात फेंटी ब्यूटीनं एकदम ४० शेड बाजारात आणल्या तेव्हा बाकीच्यांच्या मालिकांतली ही रिकामी जागा सगळ्यांना दिसली. आजही अनेक मालिकांत उजळ बाजूला दाट पायऱ्या आणि गडद बाजूला दोन-तीन लांब उड्या असतात. अशा मालिकेवर ‘सर्व भारतीय त्वचांसाठी’ लिहिणं खोटं आहे, आणि खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा करायला सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार बंदीच आहे. ‘नॅचरल’ हे नाव नेमकं कुठल्या पायरीला दिलेलं असतं तेही एकदा बघा. बहुधा उजळ बाजूच्या दुसऱ्या-तिसऱ्या.

बाटलीतला रंग हाही अंतिम नव्हे. लावल्यावर पाणी आणि उडून जाणारी सिलिकोन तेलं निघून जातात, रंगद्रव्य दाट होतं, त्यात चेहऱ्याचं तेल मिसळतं आणि पाऊस पडल्यावर माती गडद दिसते तसा थर गडद, जरा केशरी दिसायला लागतो. काउंटरवर याला ‘ऑक्सिडाइज झालं’ म्हणतात. लाल-पिवळी लोह ऑक्साइडं मुळात गंजाच्याच जातीची आहेत, त्यांनी आणखी काय गंजायचं! पण बदल खरा आहे, आणि दमट मुंबईत तेलकट त्वचेवर तो अधिक जाणवतो. म्हणून जबड्यापाशी शेजारच्या तीन शेडचे पट्टे ओढून वीस मिनिटं थांबायचं आणि मग खिडकीशी जाऊन कोणता पट्टा दिसेनासा झाला ते बघायचं. हाताच्या मागच्या बाजूवर बघू नये, ती उन्हानं वेगळी झालेली असते. वर्णनात हाच वीस मिनिटांनंतरचा रंग यावा, आणि शेड अर्धी पायरी गडद होत असेल तर तसं स्पष्ट लिहावं.

या सगळ्याला एक मर्यादा कारखान्याची आहे. प्रत्येक बॅचचा रंग नमुन्याशी तंतोतंत जुळत नाही. ठरलेल्या थोड्या फरकापर्यंत बॅच मंजूर होते. ही सूट दोन्ही बाजूंना १ ची असेल आणि दोन शेडमधलं अंतरच दीड असेल, तर एका बॅचची सात नंबरची आणि दुसऱ्या बॅचची आठ नंबरची शेड एकच निघू शकते. अशा जोडीला वेगवेगळी वर्णनं देण्याचा आग्रह मला एका ठिकाणी झाला होता. सातला ‘मखमली गुलाब’ आणि आठला ‘पहाटेचा गुलाब’ सुचवलेलं होतं. मी दोघींखाली एकच ओळ लिहिली, ‘मध्यम, धुरकट गुलाबी’, आणि आठच्या पुढे जोडलं, ‘सातसारखीच, फक्त हिच्यात बारीक चमक आहे.’ चमक खरंच होती, अभ्रकाची, उन्हात दिसणारी. ज्यांच्याकडे सात आहे त्यांनी आठ घ्यायची की नाही, ते आता त्या ओळीवरून ठरवता येत होतं.